सोलर बसवून झालं, फाईलमध्ये कागद तीनच. अजून काय मागायला हवं होतं?

खानापूरकर

आमच्या खानापूरच्या घरावर गेल्या वर्षी मार्चमध्ये तीन किलोवॉटचं सोलर बसवलं. सूर्यघर योजनेतून. ७८ हजार सबसिडी खात्यात आली, हेस्कॉमनं नेट मीटर लावला, बिल जवळपास शून्यावर आलं. त्याबद्दल तक्रार नाही.

गेला पावसाळा नीट गेला. यंदा जुलै लागला तसं इन्व्हर्टर सकाळी सुरूच होत नाही. स्क्रीनवर `PV Isolation Low` असं येतं. दुपारी जरा ऊन पडलं की आपोआप चालू. मी पुण्यात, घरी आई-बाबा. बसवणारा फोनवर म्हणतो, "पावसात असं होतंय ओ, ऊन पडलं की जातंय."

बाबांनी फाईल देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात जपून ठेवलीय. फोटो मागवले तर आत तीनच कागद निघाले: बिल, हेस्कॉमचा करार आणि इन्व्हर्टरच्या खोक्यातली पुस्तिका. काम झाल्यावर अजून काय काय मिळायला हवं होतं? आणि आता सव्वा वर्षानं ते मागून काही उपयोग, की नुसती फाईल जाड होणार?

उगाच

जाड झाली तर खानापुरातल्या वाळवीची सोय होईल.

निपाणीचा_बापू

कशाला एवढं टेन्शन घ्यायचं? पॅनेलला २५ वर्षांची वॉरंटी असते. जीएसटीचं बिल आहे ना, बास. बाकीचे कागद म्हणजे इंजिनियर लोकांची हौस.

टिळकवाडीच्या_काकू

आमच्याकडे पण हाच घोळ. फ्लॅटचा ताबा देताना बिल्डरनं ई-खाता आणि ऑक्युपन्सीचा कागद दिला नाही. दोन्ही नगरपालिकेत जाऊन मागून घ्या, नंतर विकताना अडतंय.

खानापूरकर

काकू, घराच्या मालकीचे कागद आहेत. मी छतावरच्या सोलरचं विचारतोय.

टिळकवाडीच्या_काकू

होय की, मी वरचं नीट वाचलंच नाही. पण ऐका, नळाच्या पाइपांचा नकाशासुद्धा दिला नव्हता आम्हाला. ह्यांनी टीव्हीचा स्टँड लावायला भिंतीत ड्रिल मारलं ते सरळ गरम पाण्याच्या पाइपात. त्या भिंतीतून पाइप जातोय हे कुणाला ठाऊक? मूळ नकाशात तो बाथरूमच्या बाजूला दाखवलाय.

मेगर

काकूंनी मुद्द्याला बरोबर हात घातला. मूळ नकाशा आणि प्रत्यक्षात झालेलं काम यात फरक पडतोच, म्हणून काम झाल्यावरचा नकाशा वेगळा काढून घ्यायचा असतो. सोलरमध्ये त्याचं महत्त्व अजून जास्त.

खानापूरकर, तुमच्या इन्व्हर्टरचा संदेश खोटा नाही आणि "पावसात असं होतंय" हे उत्तरही नाही. इन्व्हर्टर रोज सकाळी ग्रिडला जोडायच्या आधी पॅनेलची तार आणि जमीन यांच्यातला रोध तपासतो. तो कमी भरला तर सुरू होत नाही. तुमच्याकडे कुठंतरी डीसी तारेचं इन्सुलेशन गेलंय. ओलं असताना करंट जमिनीकडे झिरपतो, वाळलं की थांबतो. म्हणून दुपारी चालू. दर पावसाळ्यात ते थोडं थोडं वाढत जाणार आणि डीसीचा ठिणगी पडून जळण्याचा प्रकार इथूनच सुरू होतो.

आता कागदांचं. बसवल्या दिवशी मेगर मीटरनं इन्सुलेशन मोजून आकडा लिहून द्यायचा असतो. स्ट्रिंग म्हणजे एकाला एक जोडलेल्या पॅनेलची माळ, तुमच्या एवढ्या स्ट्रिंगला ५०० व्होल्टवर तपासतात आणि १ मेगओहमच्या खाली चालत नाही. नव्या कामात तो आकडा कितीतरी पटीनं वर असतो. तो कागद हातात असता तर आज परत मोजून बसवणाऱ्यापुढे दोन्ही आकडे ठेवता आले असते. "तेव्हा ४०, आता पाव." मग पावसाचं कारण चालत नाही, कारण गेल्या वर्षी पाऊस पडलाच होता.

दुसरा कागद म्हणजे पॅनेल कुठल्या क्रमानं जोडलेत त्याचं चित्र. त्याचा उपयोग पुढे सांगतो, आधी मला माहिती द्या: पॅनेल किती, किती वॉटचे, एका ओळीत की दोन?

खानापूरकर

सहा पॅनेल, ५४० वॉटचे. जिन्याच्या बाजूनं सुरू होऊन एकाच ओळीत. तारा जिन्यापाशी खाली उतरतात.

सोलरवाला_अनगोळ

मी याच धंद्यात आहे म्हणून लिहितो. (खानापूरचं काम माझं नव्हे, आधीच सांगून ठेवतो.) सगळे कागद द्यायला हवेत हे खरं. पण तीन किलोवॉटच्या कामात मार्जिन किती राहतंय ते पण बघा. गिऱ्हाईक पाचशे रुपयांसाठी दुसऱ्याकडे जातंय. मेगर घेऊन माणूस दिवसभर छतावर ठेवला तर परवडत नाही. आणि कागद दिले तरी वाचतंय कोण? मी एका घरी पूर्ण फाईल दिली होती, त्यातल्या चित्राच्या मागं पोरानं गणितं सोडवलेली.

उगाच

म्हणजे चित्राचा उपयोग झाला की.

मेगर

अनगोळवाले, सहा पॅनेलची एक स्ट्रिंग मेगरनं तपासायला दिवस लागत नाही, तासाभरात सगळ्या मोजण्या होतात. पण दराची मारामारी आहे हे मान्य.

येळ्ळूरचा_वायरमन

शेवटचा हप्ता फाईल हातात आल्याशिवाय देऊ नका, एवढंच. बाकी सगळं आपोआप येतंय.

सोलरवाला_अनगोळ

बँकेचं कर्ज असलं तर पैसे थेट आमच्या खात्यात येतात, हप्ता अडवायचा कसा? आणि फाईल दिल्यावरही "बघू की पुढच्या महिन्यात" म्हणणारे भेटलेत. दोन्ही बाजूनी आहे हे.

चिकोडीकर_पाटील

आमच्याकडं बोअरचंच असं झालं. मोटार किती फुटावर सोडली, पाइप किती, केबलला जोड कुठं, कुणी लिहून ठेवलं नाही. मोटार काढायची म्हटल्यावर गाडीवाला विचारतोय पाइप किती. बाबा म्हणाले दहा, निघाले चौदा. मग मजुरीवरून भांडण. आता मोटारच्या स्टार्टरच्या पेटीतच आतून कागद चिकटवलाय. फाईल घरात हरवते, पेटी कुठं जात नाही.

मेगर

पाटीलसाहेब, पेटीत चिकटवायची कल्पना चांगली आहे. सोलरची डीसी पेटी असते तिच्या झाकणाच्या आत लॅमिनेट केलेलं चित्र लावतातच चांगले लोक. दुरुस्तीला येणारा माणूस तुमच्या कपाटात शोधायला जात नाही.

खानापूरकर

माझा मावसभाऊ वायरमन आहे, नंदगडला राहतो. तो आज सकाळी पाऊस चालू असताना घरी जाऊन आला. मेगर त्याच्याकडे नाही, साधा मल्टिमीटर आहे. काय मोजायला सांगू?

मेगर

मल्टिमीटरवरही बरंच कळतं. पण आधी काळजी: ही जवळजवळ ३०० व्होल्टची डीसी आहे, धक्का लागला तर माणूस सुटत नाही. आधी इन्व्हर्टर एसी बाजूनं बंद, मग डीसी आयसोलेटर बंद. पॅनेलच्या तारा जोडणारा एमसीफोर कनेक्टर चालू करंटवर कधी ओढायचा नाही. मीटर ६०० व्होल्ट डीसी किंवा त्यावरचा हवा, हातात रबरी मोजे हवेत. काम फक्त त्याचं, बाबांना छतावर पाठवू नका.

आयसोलेटरच्या पॅनेलकडच्या टोकांवर तीन आकडे घ्या. प्लस ते मायनस. प्लस ते अर्थ. मायनस ते अर्थ. निरोगी स्ट्रिंगमध्ये अर्थशी मोजलेले दोन्ही आकडे काही सेकंदात खाली खाली घसरत जातात. गळती असेल तर दोन्ही जागच्या जागी स्थिर राहतात आणि त्यांची बेरीज एकूण व्होल्टेजच्या आसपास येते.

खानापूरकर

आले. प्लस-मायनस २८२. प्लस-अर्थ १८६. मायनस-अर्थ ९३. स्थिर आहेत. आभाळ भरलेलं, पॅनेल थंड.

मेगर

वा, अगदी पाठ्यपुस्तकात शोभेल अशी केस. २८२ भागिले सहा, म्हणजे एका पॅनेलचे ४७. मायनसकडून अर्थपर्यंत ९३ म्हणजे जवळपास बरोबर दोन पॅनेल. बेरीज २७९ आली, ते तीन व्होल्ट मीटरच्या स्वतःच्या रोधामुळे जातात, सोडून द्या. म्हणजे मायनस टोकाकडून मोजलं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या पॅनेलच्या मधल्या जोडात गळती आहे. पॅनेलमध्ये नाही, जोडात.

आता चित्राची गरज इथं लागते. तो "दुसरा आणि तिसरा" छतावर कुठला?

येळ्ळूरचा_वायरमन

त्यात काय, जिन्याकडून मोजायचं. दोन आणि तीनच्या मधे हात घालायचा.

मेगर

तसं असतं तर मी विचारलंच नसतं. त्यांच्या दोन्ही तारा जिन्याच्या एकाच बाजूला उतरतात. ओळीत एकामागून एक जोडलं असतं तर एक टोक जिन्यापाशी आणि दुसरं लांब राहिलं असतं, परत आणायला लांब तार लागली असती. ती वाचवायला बरेच लोक एक सोडून एक जोडतात: पहिला, तिसरा, पाचवा, मग वळून सहावा, चौथा, दुसरा. तसं असेल तर विजेच्या क्रमातले दुसरा आणि तिसरा म्हणजे छतावरचे तिसरा आणि पाचवा. जोड सापडेल चौथ्या पॅनेलच्या खाली. आणि समजा मायनस टोक उलट बाजूनं, दुसऱ्या पॅनेलपासून निघालं असेल, तर क्रमानं दुसरा-तिसरा म्हणजे चौथा आणि सहावा. तो जोड पाचव्याखाली.

चित्र असतं तर आत्ता सांगून टाकलं असतं.

निपाणीचा_बापू

सहाच पॅनेल आहेत, सगळे उचलून बघायचे की.

येळ्ळूरचा_वायरमन

बापू, आपण चढा वर पावसात. एकेक पॅनेल पंचवीस-तीस किलोचं, क्लॅम्प सोडायचे, शेजारची काच दाबली तर तडा. आणि क्लॅम्प काढले की बसवणारा म्हणणार, "तुम्ही हात लावलात, आमची जबाबदारी संपली." एक पॅनेल उचलणं आणि सहा उचलणं यात फरक आहे.

शहापूरची_प्रज्ञा

बसवताना कुणी फोटो काढले नव्हते का? हल्ली घरोघरी व्हॉट्सअॅप स्टेटस असतं.

खानापूरकर

प्रज्ञा, तुमचे उपकार. आईनं तेव्हा मामाला फोटो पाठवले होते. त्यात एकात पहिले दोन पॅनेल उभे करून ठेवलेत, मागची काळी-लाल तार दिसते. पहिल्या पॅनेलची एक तार दुसऱ्याला ओलांडून पुढे गेलीय आणि एक जिन्याकडे. जिन्याकडे जाणाऱ्या तारेवर मायनसची खूण आहे.

मेगर

म्हणजे एक सोडून एक, आणि मायनस पहिल्यापासून. चौथ्या पॅनेलच्या खाली बघा. फक्त चौथा उचलायचा.

खानापूरकर

सापडलं. चौथ्याखाली कनेक्टर बांधणीतून सुटून खाली स्लॅबवर लोंबत होता. स्लॅबला तिथं खोलगट भाग आहे, पाणी साचतं, त्यात पडलेला. भाऊ म्हणतो कनेक्टरचे दोन भाग वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत, नीट घट्ट बसलेले नाहीत, आत हिरवट गंज. केबलला बांधलेली प्लास्टिकची टाय उन्हानं तुटली होती. त्यानं आत्तापुरता वाळवून उचलून बांधलाय. संध्याकाळी पाऊस असूनही दोन्ही आकडे शून्याकडे घसरले.

मेगर

गळतीची जागा मिळाली हे ठीक, पण तो कनेक्टर कापून दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या लावाव्या लागतील. गंज वाळवून जात नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे दिसायला सारखे असले तरी आतला संपर्क नीट होत नाही, गरम होतो. आणि टाय यूव्ही सहन करणारी किंवा स्टीलची.

सोलरवाला_अनगोळ

वेगवेगळे कनेक्टर का आले तर, पॅनेलसोबत एका कंपनीचा येतो आणि बाजारात दुसऱ्याचा स्वस्त मिळतो. हे मी पण पाहिलंय. मान्य.

खानापूरकर

एक गंमत. मी बसवणाऱ्याला कनेक्टरचा फोटो पाठवला. दोन तासांत त्यानं टेस्ट रिपोर्टचा पीडीएफ पाठवला, "हा घ्या, काम ओके होतं." गेल्या वर्षीची तारीख, दुपारी दीडची वेळ. स्ट्रिंग व्होल्टेज २९७.०. इन्सुलेशन २०० मेगओहम. तिन्ही अर्थिंग १.० ओहम. हा सव्वा वर्ष कुठं होता?

मेगर

हा रिपोर्ट मोजलेला नाही, लिहिलेला आहे असं मला वाटतं. कारण सांगतो, पुढे इतरांनाही उपयोगी पडेल.

तुमच्या पॅनेलच्या मागच्या लेबलवर ओपन सर्किट व्होल्टेज ४९.५ असेल. सहा गुणिले ४९.५ बरोबर २९७. पण लेबलवरचा आकडा पॅनेल २५ अंशावर असतानाचा असतो. मार्चमध्ये दुपारी दीडला खानापूरच्या छतावर पॅनेल साठ अंशाच्या आसपास तापतो. प्रत्येक अंशाला व्होल्टेज पाव टक्क्याहून थोडं जास्त घसरतं, म्हणजे ३५ अंशांना सुमारे साडेनऊ टक्के. प्रत्यक्षात मीटरवर २७० च्या आसपास दिसायला हवं होतं. परवा थंड पावसात सुद्धा तुमचे २८२ भरले. भर उन्हात २९७ येत नाहीत.

दुसरं, तिन्ही अर्थिंग सारखेच १.०. डीसी, एसी आणि वीजरोधकाचे खड्डे वेगळ्या जागी असतात, दशांशापर्यंत सारखे येणं कठीण. शिवाय तुमच्याकडे जांभ्याची जमीन. मार्चमध्ये जांभा कोरडा, तेव्हा ५ ओहमच्या आत आणायलाच कसरत लागते. खरा आकडा बघायचा तर एप्रिल-मे महिन्यात मोजा, आता पावसात मोजलं तर सगळे पास होतात.

तिसरं, कुठल्या मीटरनं मोजलं, त्याचा नंबर आणि मोजणाऱ्याची सही आहे का?

खानापूरकर

मीटरचा नंबर नाही. सही आहे, वाचता येत नाही.

निपाणीचा_बापू

एवढं करून काय, पॅनेल बदलून मिळेल ना २५ वर्षांत? मी अजून तिथंच आहे.

शहापूरची_प्रज्ञा

बापू, ते २५ वर्ष वीज किती देतो त्याबद्दल. म्हणजे शेवटी साधारण ८० टक्के तरी द्यायला हवी. काचेखालचा थर पिवळा पडला, मागचा जंक्शन बॉक्स निघाला, तर ती वस्तूची वॉरंटी, ती बऱ्याच कंपन्यांची दहा-बारा वर्षं. आणि कनेक्टर, केबल, स्टँड, बांधणी यांचा पॅनेलच्या कंपनीशी संबंधच नाही, ते बसवणाऱ्याकडे. सूर्यघरच्या करारात बसवणाऱ्यानं पाच वर्षं देखभाल करायची असते. खानापूरकरांचा कनेक्टर त्यात यायला हवा.

८० टक्के दाखवायचे तर पॅनेल मुळात किती वॉटचा निघाला ते लागतं. कारखान्यात प्रत्येक पॅनेलची फ्लॅश टेस्ट होते, सिरियल नंबरप्रमाणे. ती यादी मागून घ्या, फुकट मिळते.

येळ्ळूरचा_वायरमन

इन्व्हर्टरचं पण बघा. बरेच बसवणारे वॉरंटीची ऑनलाइन नोंद आणि मोबाईल अॅपचं खातं स्वतःच्याच नंबरवर करतात. उद्या त्यानं धंदा बदलला की मालकाला स्वतःच्या छतावरची वीज बघता येत नाही.

खानापूरकर

तपासलं. अॅपचं खातं त्याच्याच नंबरवर आहे, बाबांना फक्त बघण्यापुरतं दिलंय. मागितलंय.

करारातल्या पाच वर्षांबद्दल विचारलं तर म्हणतो, "तुमच्या भावानं पॅनेल उचलला, आता देखभाल बसत नाही." यावर काय करायचं? लेखी तक्रार हेस्कॉमकडे करायची की सूर्यघरच्या पोर्टलवर?

सोलरवाला_अनगोळ

पोर्टलवर टाका. आम्ही तिथं नोंदणीवर जगतो, उत्तर द्यावंच लागतं. पण उचलण्याआधीचे फोटो जोडा, कनेक्टर पाण्यात पडलेला. नाहीतर तो म्हणणार भावानंच पाडला.

मेगर

मला वाटतं त्याचा मुद्दा थोडा टिकेल. उचलायच्या आधी एक मेसेज टाकून "अमुक दिवशी तपासतोय, तुम्ही या" असं कळवायला हवं होतं. किती टिकेल सांगता येत नाही.

चिकोडीकर_पाटील

आमचं पुढच्या महिन्यात बसतंय. वर गेलेल्या पॅनेलचे नंबर मागच्या बाजूला असतात म्हणे, मग बसल्यावर पडताळणार कसे? बिलावर तर नुसतं "सहा नग" लिहितात.

शहापूरची_प्रज्ञा

बहुतेक पॅनेलना समोरच्या काचेच्या आत, कडेला, बारीक बारकोड आणि नंबर असतो. सकाळी लवकर, काच चमकायच्या आत, मोबाईलनं जवळून फोटो घ्या. पॅनेलच्या जागेप्रमाणे लिहून ठेवा: जिन्याकडून पहिला हा, दुसरा हा. आणि खोकी फोडतानाच मागच्या लेबलचे फोटो काढले तर चढायचीसुद्धा गरज नाही.

चिकोडीकर_पाटील

बरं. पोराला त्या दिवशी शाळेला सुट्टी घ्यायला लावतो.